दाढ काढली, तरी कळ थांबेना

"दादा, परवाची ती तेज गोळी द्या. अन् त्याच्यासंगं कॅप्सूलबी द्या. दाढेनं जीव नको केलाय."

तालुक्याच्या गावात, एसटी स्टँडसमोरच्या मेडिकलमध्ये, हे वाक्य दर दोन-चार दिवसांनी कुणाच्या तरी तोंडून ऐकू येतं. पुढचं सगळं बहुतेक वेळा ठरलेलं असतं. कात्रीनं स्ट्रिपमधल्या चार गोळ्या कापल्या जातात, कागदाच्या पाकिटात पडतात, आणि गिऱ्हाईक स्टँडवरची गाडी पकडायला धावतं. या वेळी मात्र काउंटरमागचा फार्मासिस्ट ड्रॉवरकडे वळता वळता थांबतो. समोरच्या मावशी पन्नाशी ओलांडलेल्या आहेत. उजव्या बाजूनं वारा लागू नये म्हणून त्यांनी पदर आडोशासारखा धरलाय, पण कापड गालाला टेकणार नाही अशा बेतानं. बोलताना ओठांची डावी बाजूच काय ती हलते.

दाढ ठणकत असलेला माणूस गाल तळव्यानं दाबून धरतो, त्यावर रुमाल बांधतो, उशीत खुपसतो. या बाई गालाला कशाचाच स्पर्श होऊ देत नाहीत.

(प्रसंग आणि माणसं प्रातिनिधिक आहेत. औषधं, मात्रा आणि लक्षणं मात्र जशी असतात तशीच दिली आहेत.)

"मावशी, गोळीचं बघू. आधी सांगा, कळ आली की किती वेळ राहते?"

"आता काय घड्याळ लावून बसू व्हय? दिवसभर चालूच हाय."

"दिवसभर सलग? का येते, जाते, परत येते?"

मावशी जरा थांबतात. "येती अन् जाती. आली की ईज पडल्यागत. डोळ्यात पाणीच येतंय. मग काय बी न्हाई. मग परत."

"आली की मी दहा आकडे मोजेपर्यंत राहते?"

"न्हाई वो. चार-पाच. पण त्या चार-पाचात मरान दिसतंय."

गावातले लोक मेडिकलवाल्याला सर्रास 'डॉक्टर' म्हणतात. तो डॉक्टर नसतो, आणि रोगाचं निदान करणं हे त्याचं काम नाही. पण हा माणूस गोळीनं भागवता येईल असा आहे, दंतवैद्याकडे जायला हवा असा आहे, की आजच दवाखाना गाठायला हवा असा आहे, एवढी चाळणी त्याला लावावीच लागते. गावातल्या दहातल्या नऊ दुखण्यांचा पहिला थांबा त्याचाच काउंटर असतो. तोंडाच्या आणि दातांच्या दुखण्यात या चाळणीसाठी सगळ्यात उपयोगी पडणारा प्रश्न 'किती दुखतं' हा नाही, कारण दाढदुखीत प्रत्येकाला जीव जाईल एवढंच दुखत असतं. उपयोगी पडतो तो 'किती वेळ दुखतं' हा.

दातावर वरून कठीण कवच असतं, त्याखाली जरा मऊ थर, आणि मध्यभागी रक्तवाहिन्या व चेता असलेला जिवंत गाभा, ज्याला दंतवैद्य पल्प म्हणतात. कीड खालच्या मऊ थरापर्यंत पोचली की गार पाणी लागल्यावर दात शिवशिवतो आणि पाणी गिळल्यावर दोन-चार क्षणांत शांत होतो. या टप्प्यावर नुसतं सिमेंट भरून काम भागतं. कीड गाभ्यापर्यंत गेली की तिथं सूज येते, आणि सूज आलेल्या गाभ्याला फुगायला जागा नसते, कारण चारही बाजूंनी कठीण भिंती. मग गार किंवा गरम लागल्यावर सुरू झालेला ठणका पाणी गिळून झालं तरी जात नाही. मिनिटं, कधी तास राहतो. आडवं झाल्यावर डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो, म्हणून रात्री दीड वाजता माणूस उठून ओट्याशी बसतो. त्याच्याही पुढे गाभा मरतो, मुळाच्या टोकाशी पू साठतो आणि दात थोडा वर उचलल्यासारखा वाटून चावताना नेमका तोच दात दुखतो. रुग्ण बोट ठेवून सांगू शकतो, 'हा.'

म्हणजे दाताचं दुखणं मिनिटांत आणि तासांत मोजलं जातं. मावशींचं सेकंदांत मोजलं जातंय.

"कळ कशानं येते? गार-गरम खाल्ल्यावर?"

"च्या पिताना येती. पर नुसतं तोंड धुतलं तरी येती. सकाळी मिश्री लावाया बोट घातलं की आलीच. काल तर नातीनं गालाचा मुका घेतला अन् मी वराडले. पोरगी भ्याली."

"आणि रात्री?"

"झोप लागली की काय न्हाई. झोपच बरी वाटती."

फार्मासिस्ट आता वही पुढे ओढतो. तोंड धुणं, बोट लागणं, वाऱ्याची झुळूक, बोलणं. ज्यानं कुणालाच दुखायला नको अशा स्पर्शानं विजेसारखी कळ येते, एकाच बाजूला येते, काही सेकंदांत जाते, मधल्या वेळात जवळजवळ काहीच नसतं, आणि झोपेत बहुधा त्रास नसतो. हे चित्र दाताच्या आजाराचं नाही. ते ट्रायजेमिनल न्युराल्जिया नावाच्या चेतेच्या आजाराचं असू शकतं. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात या आजाराची कळ सेकंदाच्या अंशापासून जास्तीत जास्त दोन मिनिटांपर्यंत टिकणारी, एका बाजूची आणि निरुपद्रवी स्पर्शानं सुरू होणारी अशी सांगितली आहे. पन्नाशीनंतर तो जास्त दिसतो, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, आणि डाव्यापेक्षा उजव्या बाजूला जास्त.

चेहऱ्याच्या प्रत्येक बाजूला स्पर्शाची आणि वेदनेची बातमी मेंदूकडे नेणारी एक मोठी चेता असते. मेंदूतून निघणाऱ्या चेतांच्या बारा जोड्यांपैकी ही पाचवी. तिच्या तीन फांद्या: एक कपाळ आणि डोळ्याकडे, दुसरी गाल आणि वरच्या जबड्याकडे, तिसरी खालच्या जबड्याकडे. वरचे दात दुसऱ्या फांदीवर, खालचे तिसऱ्या फांदीवर. हा आजारही बहुतेक वेळा याच दोन फांद्यांत होतो. त्यामुळे बिघाड आत, मेंदूच्या बुंध्यापाशी असला तरी मेंदूला वाटतं की दाढच ओरडतेय. बिघाड बहुधा असा असतो की चेता मेंदूत शिरते त्या जागी एखादी रक्तवाहिनी तिला घासत राहते. विजेच्या तारेवरचं प्लॅस्टिक झिजावं तसं चेतेवरचं आवरण तिथं झिजतं, आणि साध्या स्पर्शाची बातमी वेदनेच्या तारेत उडी मारते. रक्तवाहिनी आणि चेता यांच्यामध्ये छोटी गादी ठेवून दोघांना वेगळं करण्याची शस्त्रक्रिया याच समजुतीवर उभी आहे. अमेरिकी न्यूरोसर्जन पीटर जॅनेटा यांनी 1960च्या दशकात ती रुळवली.

"दाढ कुणाला दाखवली का?"

"दावली की. पंधरा दिस झाले, एक काढून टाकली. किडलेलीच होती. दोन दिवस वाटलं बरं हाय. मग जैसे थे. आता म्हणत्यात बाजूची काढू."

इथं दंतवैद्याला दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे, पण अन्यायाचं. पन्नाशीतल्या, वर्षानुवर्षं मिश्री लावणाऱ्या बाईच्या तोंडात किडलेली दाढ सापडणारच. रुग्ण त्याच दाढेकडे बोट दाखवतो, एक्स-रेमध्ये कीड दिसते, आणि रांगेत आणखी वीस जण असतात. काढल्यावर दोन दिवस बरं वाटणंही फसवं ठरतं, कारण या आजारात आपोआपच बरे दिवस येतात आणि जातात, कधी आठवडे, कधी महिने. म्हणून ट्रायजेमिनल न्युराल्जियाच्या रुग्णांमध्ये एक, दोन, कधी त्याहून जास्त चांगले दात गमावलेले लोक नेहमी भेटतात. दुसरी दाढ काढण्याआधी विचारायच्या गोष्टी साध्या आहेत. त्या दाढेवर ठोकलं तर दुखतं का? गार लावल्यावर ठणका टिकतो का? एक्स-रेमध्ये मुळाशी काही दिसतं का? तिन्हींचं उत्तर 'नाही' असेल तर दाढेला हात लावायचं कारण उरत नाही.

पण निष्कर्षाकडे धावण्याआधी एक दुसरी यादी संपवावी लागते, आणि फार्मासिस्टचं खरं कौशल्य इथं लागतं. चेतेचं दुखणं कितीही भयानक असलं तरी त्यानं आज रात्री काही बिघडत नाही. काही दुखण्यांनी बिघडतं.

"मावशी, तोंड उघडा बघू. तुमचीच तीन बोटं उभी करून दातांमध्ये जातात का?" जातात. "ताप? थुंकी गिळताना त्रास?" नाही. गाल, हनुवटीखालचा भाग दोन्ही बाजूंनी सारखा, सूज नाही. "गाल बधिर झालाय का? मुंग्या?" नाही. "डोळ्याला अंधुक? कानाला कमी ऐकू येतंय?" नाही. "चेहऱ्यावर पुरळ, फोड?" नाही. "जिना चढताना, घागर उचलताना जबडा भरून येतो आणि बसलं की थांबतो, असं?" मावशी हसतात, तेही अर्ध्याच तोंडानं. "न्हाई बाबा. घागर उचलायला लागून काय व्हतंय. बोलताना व्हतंय."

प्रत्येक प्रश्नामागे एक वेगळा रस्ता आहे. समजा मावशींच्या जागी पंचविशीतला एखादा ट्रॅक्टर ड्रायव्हर आला असता. खालची अक्कलदाढ चार दिवस ठणकतेय, आज ठणका कमी झालाय, पण हनुवटीखाली दोन्हीकडे टणक सूज आलीय, ताप आहे, तीन बोटांऐवजी एकच बोट आत जातंय, आवाज तोंडात लाडू असल्यासारखा जड झालाय आणि थुंकी गिळवत नाही म्हणून तो बाहेर टाकतोय. तो दुखणं कमी झाल्याचं समाधानानं सांगेल आणि कॅप्सूल मागेल. त्याला कॅप्सूल देऊन घरी पाठवणं ही मेडिकलच्या काउंटरवर होऊ शकणारी सगळ्यात मोठी चूक ठरेल. दाढेचा पू जिभेखालच्या जागेत उतरला की जीभ वर आणि मागे ढकलली जाते आणि श्वासाची वाट बंद होऊ शकते. जर्मन वैद्य लुडविग यांनी 1836मध्ये या आजाराचं वर्णन केलं, आणि आजही तो त्यांच्याच नावानं ओळखला जातो. अशा वेळी दंतवैद्याची अपॉइंटमेंट नको, थेट मोठं रुग्णालय हवं. गाडी नसेल तर 108. मधुमेह असेल तर हा प्रवास दिवसांवरून तासांवर येतो.

पुरळाचा प्रश्न नागिणीसाठी. नागीण चेहऱ्यावर उठण्याआधी दोन-तीन दिवस नुसतीच जळजळ आणि दुखणं असतं, आणि फोड कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर आले तर डोळा धोक्यात असतो. तिची औषधं फोड आल्यापासून 72 तासांच्या आत सुरू झाली तर जास्त उपयोगी पडतात. श्रमानं येऊन विश्रांतीनं थांबणारी जबड्याची कळ हृदयाकडून आलेली असू शकते. गाल बधिर असणं, ऐकू कमी येणं, किंवा वय चाळिशीच्या आत असणं यात मेंदूतली गाठ किंवा चेतांच्या आवरणाचा दुसरा आजार आधी तपासावा लागतो. आणि गुटखा-तंबाखू खाणाऱ्याचं तोंड हळूहळू कमी उघडत असेल, किंवा तीन आठवडे न भरणारा चट्टा असेल, तर दाढ राहू दे, आधी तो चट्टा दाखवावा.

मावशींच्या बाबतीत यातलं काहीच नाही. म्हणजे आजची रात्र धोक्याची नाही. मग गोळी द्यायला काय हरकत?

"आतापर्यंत काय काय घेतलंत? पाकिटं आहेत?"

मावशी पिशवीतून एक पर्स काढतात, पर्समधून प्लॅस्टिकची पुडी, आणि पुडीतून तीन अर्धवट स्ट्रिपा. या तीन स्ट्रिपा तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून आल्यात, आणि तिन्ही एकमेकींना ओळखत नाहीत.

पहिली केटोरोलॅक 10 मिलिग्रॅम, स्टँडच्या पलीकडच्या एका दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली. दाढदुखीवर गावोगाव 'तेज गोळी' म्हणून मागितली जाणारी तीच. दुसरी एसिक्लोफिनॅक आणि पॅरासिटॅमॉल यांची एकत्र गोळी, दाढ काढल्यावर मिळालेली. तिसरी पॅरासिटॅमॉल 650, जावेनं दिलेली. दुसरी रोज तीन वेळा, तिसरी चार वेळा, आणि पहिली 'लई झालं की', म्हणजे दिवसाला दोन-तीन. दहा दिवस झाले.

फार्मासिस्ट वहीवर बेरीज मांडतो. एकत्र गोळीत पॅरासिटॅमॉल 325 मिलिग्रॅम असतं, तीन गोळ्यांचं 975. वरच्या चार गोळ्यांचं 2600. एकूण 3575. निरोगी प्रौढ माणसासाठी दिवसाची वरची मर्यादा 4000. एखाद्या वाईट रात्री 650ची आणखी एक गोळी घेतली की 4225, आणि ही मर्यादा ओलांडल्याचं शरीर लगेच सांगत नाही. यकृताला झालेली इजा एक-दोन दिवसांनी दिसते. मावशींना यातलं काही कळायचं कारण नव्हतं. एका स्ट्रिपवर एक नाव, दुसरीवर दुसरं. आतलं औषध तेच.

पण बेरजेचा जास्त गंभीर भाग वेगळाच आहे. केटोरोलॅक आणि एसिक्लोफिनॅक एकाच कुळातली वेदनाशामकं आहेत. दोन्ही एकत्र घेतली की वेदना दुप्पट कमी होत नाही, पोटातून रक्त जाण्याचा धोका मात्र वाढतो. त्यातही केटोरोलॅकच्या गोळ्या दिवसाला 40 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नाहीत आणि सगळे मिळून पाच दिवसांपेक्षा जास्त नाहीत, असा दंडक आहे.

"शौचाला काळं होतं का? डांबरासारखं? पोटात जळजळ?"

"जळजळ हाय. काळं न्हाई."

"बीपीची गोळी चालू आहे?"

"हाय की. ती गुलाबी." चौथी स्ट्रिप बाहेर येते: टेल्मिसार्टन 40, त्यासोबत हायड्रोक्लोरोथायझाइड 12.5.

फार्मासिस्टच्या कपाळावर आठी येते. टेल्मिसार्टन, लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायझाइड आणि वर दोन-दोन वेदनाशामकं. यातलं प्रत्येक औषध मूत्रपिंडातल्या रक्ताच्या दाबाशी वेगळ्या बाजूनं खेळतं. तिघं एकत्र आली, आणि माणूस तोंड दुखतंय म्हणून पाणीही कमी पीत असेल, तर मूत्रपिंड अचानक दमतं. या तीन औषधांची जोड डॉक्टरमंडळींना चांगली माहीत आहे. काउंटरवर ती पकडायची असेल तर 'आणखी काय चालू आहे' हे विचारावं लागतं, आणि तेवढा वेळ गर्दीत मिळत नाही, हे मात्र खरं.

"मावशी, या दोन आजपासून बंद. पॅरासिटॅमॉल ठेवा, पण एकच प्रकारचं, सहा तासांच्या अंतरानं. खरं सांगायचं तर त्यानंही फारसा फरक पडणार नाही."

"मग कॅप्सूल तरी द्या. ती पू मारती म्हणत्यात."

कॅप्सूल म्हणजे अमॉक्सिसिलिन, लाल रेघेचं अँटिबायोटिक. पहिली गोष्ट, इथं पू नाही. दुसरी गोष्ट आणखी रोचक आहे: ज्यांचा ठणका खरोखर दाताचा आहे त्यांनाही बहुतेक वेळा या कॅप्सूलचा उपयोग नसतो. सुजलेल्या गाभ्याच्या वेदनेवर अँटिबायोटिक काम करत नाही, कारण ती वेदना बंद जागेतल्या सुजेची आहे. आणि मेलेल्या गाभ्यात रक्तच पोचत नाही, तर रक्तातून जाणारं औषध कसं पोचणार? अमेरिकन डेंटल असोसिएशननं 2019च्या मार्गदर्शनात हेच सांगितलं: दाताचा उपचार लगेच मिळत असेल तर गाभ्याच्या सुजेसाठी प्रौढांना अँटिबायोटिक देऊ नये. पू बाहेर काढणं, रूट कॅनल करणं किंवा दात काढणं हा उपचार. ताप असेल, सूज पसरत असेल तेव्हा त्याला औषधाची जोड. तरीही 'कॅप्सूल घेतल्यावर थांबलं' असं शपथेवर सांगणारे भेटतात. त्यांचा गाभा त्या चार दिवसांत मेलेला असतो. ठणका त्यामुळे थांबतो, आणि पुढचे काही महिने पू शांतपणे हाडात जागा करत राहतो.

"लवंगाचं तेल?"

"दाढ ठणकत असती तर कापसाच्या बोळ्यावर एक थेंब, दाताच्या खड्ड्यापुरता, चाललं असतं. हिरडीवर ओतलं तर पोळतं. तुम्हाला त्याचा उपयोग नाही."

मावशी आता चिडतात. तीन आठवडे जेवण नीट नाही, एक दाढ गेली, आणि हा माणूस सगळ्याला नाही म्हणतोय. "मग देताय तरी काय?"

तो देतो चिठ्ठी. औषधाची नव्हे, डॉक्टरांसाठी. वहीचं पान फाडून मोठ्या अक्षरांत: 'उजवा खालचा जबडा. तीन आठवडे. पाच सेकंदांच्या विजेसारख्या कळा, तोंड धुताना, मिश्री लावताना, बोलताना. मधे दुखत नाही. झोपेत नाही. बधिरपणा नाही. दाढ काढूनही तेच. केटोरोलॅक, एसिक्लोफिनॅक, पॅरासिटॅमॉलनं फरक नाही. बीपीसाठी टेल्मिसार्टन-हायड्रोक्लोरोथायझाइड.' आजाराचं नाव त्यानं मुद्दाम लिहिलं नाही. ते लिहिणं डॉक्टरांचं काम. पण दवाखान्यात मावशींना मिळणाऱ्या पाच मिनिटांत 'दाढ लई दुखती' एवढंच निघालं असतं, आणि त्यांना पुन्हा दंतवैद्याकडेच पाठवलं गेलं असतं.

कुणाकडे जायचं हेही तो सांगतो. जवळपास न्यूरॉलॉजिस्ट नसेल तर आधी एमडी फिजिशियन. जिल्ह्याच्या गावी मेंदूविकारतज्ज्ञ. याच आठवड्यात. मात्र पाणीही पिववत नसेल, लघवी कमी झाली, शौचाला काळं झालं, किंवा गाल बधिर झाला, तर आठवडा नाही, त्याच दिवशी. तोवर कोमट पाणी, कोमट पातळ जेवण डाव्या बाजूनं, बाहेर पडताना रुमाल, आणि मिश्रीला सुट्टी. शेवटच्या अटीवर मावशी काही बोलत नाहीत.

दहा दिवसांनी त्या परत आल्या तेव्हा हातात दोन कागद होते. एक मेंदूच्या एमआरआयचा रिपोर्ट, गाठ नाही असं सांगणारा. दुसरं प्रिस्क्रिप्शन: कार्बामाझेपिन 100 मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ, आठवड्यानं वाढवून.

कार्बामाझेपिन हे मुळात फिट्सचं औषध म्हणून ओळखलं जातं. स्वित्झर्लंडमधल्या गायगी कंपनीत वॉल्टर शिंडलर यांनी 1950च्या दशकात ते तयार केलं, आणि 1962मध्ये स्वीडनच्या ब्लोम यांनी चेहऱ्याच्या या कळेवर त्याचा उपयोग होतो हे प्रसिद्ध केलं. चेता भराभर पेटत राहते त्या आवर्तनाला ते आवर घालतं, म्हणून साध्या वेदनेवर त्याचा काही उपयोग नाही आणि या वेदनेवर मात्र बहुतेकांना काही दिवसांत फरक जाणवतो. नेमकी इथंच गल्लत होते. 'दुखेल तेव्हा घ्यायची' म्हणून लोक ती पर्समध्ये ठेवतात, कळ आल्यावर घेतात, आणि औषध चालत नाही म्हणून सोडतात. शिवाय प्रिस्क्रिप्शन नेटवर वाचून घरातलं कुणीतरी सांगतं, 'ही तर फिटची गोळी, तुला कुठं फिट येते?'

फार्मासिस्टनं हे आधीच सांगून टाकलं, पाकिटावर 'दुखो न दुखो, सकाळ-संध्याकाळ' असं लिहिलं, आणि मग तीन गोष्टी समजावल्या. पहिल्या काही दिवसांत गुंगी येईल, तोल जाईल, म्हणून अंधारात विहिरीकडे, जिन्यावर एकटं जायचं नाही. बरं वाटलं म्हणून मनानं एकदम बंद करायची नाही. आणि याला एकच अपवाद: पहिल्या दोन महिन्यांत अंगावर पुरळ उठलं, तोंडात किंवा डोळ्यांत फोड आले, ताप आला, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टर. या औषधानं क्वचित त्वचा सोलून निघण्यासारखी जीवघेणी प्रतिक्रिया येते. तिचा धोका कुणाला जास्त आहे हे सांगणारी एचएलए-बी 1502 नावाची जनुकाची रक्तचाचणी आहे, आणि आशियाई वंशाच्या लोकांत औषध सुरू करण्याआधी ती करावी असा सल्ला दिला जातो. मावशींच्या कागदांत तिचा रिपोर्ट होता, निगेटिव्ह.

मग त्यानं गुलाबी स्ट्रिप पुन्हा मागितली. कार्बामाझेपिन रक्तातलं सोडियम खाली आणू शकतं. हायड्रोक्लोरोथायझाइडही तेच करतं. दोन्ही एकत्र, वर पन्नाशीपुढची बाई, तीन आठवडे अर्धवट जेवणारी. सोडियम उतरलं की माणूस गळून जातो, मळमळतं, बोलताना गोंधळतो, आणि घरच्यांना वाटतं नव्या गोळीची गुंगीच आहे. प्रिस्क्रिप्शनवर बीपीच्या औषधाचा उल्लेखच नव्हता. दवाखान्यात पोचेपर्यंत ती पहिली चिठ्ठी कुठंतरी पडली होती.

त्यानं प्रिस्क्रिप्शनवरच्या नंबरला फोन लावला. पलीकडून डॉक्टरांनी दोन मिनिटं ऐकून घेतलं, बीपीची गोळी साध्या टेल्मिसार्टनवर आणायला सांगितली, आणि दोन आठवड्यांनी सोडियमची तपासणी करून यायला. मावशी पैसे मोजत होत्या. शेजारची दाढ काढायची तारीख गुरुवारची घेतली होती, तिथं काय सांगू, असं त्यांनी विचारलं. त्यानं तो नंबरही मागून घेतला.